वडिलांच्या खात्याची नोटीस: परदेशातून त्यांना समजेल असं पत्र कसं लिहावं

केवायसी अद्ययावत करण्याची नोटीस चार पानांची येते, आणि खातेदाराने करायचं काम त्यात जेमतेम पाच-सहा ओळींचं असतं. अडचण एवढीच की त्या ओळी एका जागी नसतात. तारीख पहिल्या पानावर, कागदपत्रांची यादी दुसऱ्यावर, भरायचा अर्ज तिसऱ्यावर, आणि तो अर्ज कुणाला चालणार नाही हे सांगणारी बारीक टाइपातली तळटीप चौथ्यावर. घरी बाबा पहिलं पान वाचतात, तिसऱ्यावर सही करतात आणि शाखेतल्या पेटीत टाकून येतात. दोन महिन्यांनी वीजबिल खात्यातून कापलं गेलं नाही की मग कळतं, काम झालंच नव्हतं.

अशा वेळी परदेशातला मुलगा फोनवर सगळं समजावतो. फोनवर सांगितलेलं काउंटरपर्यंत टिकत नाही. हातात धरून पुन्हा वाचता येईल आणि गरज पडली तर काउंटरवरच्या माणसापुढे ठेवता येईल असं एका पानाचं पत्र लागतं. ते कसं तयार करायचं हे एका नोटिशीवरून पाहू. ही नोटीस नमुन्यासाठी मी रचलेली आहे, पण तिची भाषा आणि तिच्यातले खाचखळगे नेहमीचेच आहेत. नियम भारतातल्या बँकांचे, म्हणजे रिझर्व्ह बँकेने घालून दिलेले आहेत.

आधी सगळी पानं मागवा

बाबांना सांगताना “नोटिशीचा फोटो पाठवा” एवढंच म्हटलंत तर पहिल्या पानाचा फोटो येईल. म्हणून स्पष्ट सांगा: प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजू, आणि पाकीटसुद्धा. पाकिटावरून नोटीस कुठल्या पत्त्यावर आली ते कळतं. बँकेच्या नोंदीत जुना पत्ता आहे का, हा प्रश्न तिथेच सुटतो. पानांच्या कोपऱ्यात “४ पैकी ३” असे आकडे असतात, ते जुळवा. एक पान कमी असेल तर लिहायला बसूच नका.

मग नोटीस खरी आहे का ते पाहा. केवायसीच्या नावाखाली फसवणूक एवढी चालते की शंका घेणं रास्तच आहे, पण टपालाने आलेलं प्रत्येक पत्र खोटं समजणंही बरोबर नाही. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२५ मधल्या सुधारणेनुसार केवायसीची मुदत येण्याआधी बँकेने ग्राहकाला किमान तीनदा कळवायचं आहे आणि त्यातलं किमान एकदा पत्राने. मुदत उलटून गेली तर पुन्हा किमान तीनदा आठवण करून द्यायची, त्यातही एकदा तरी पत्राने. म्हणजे टपालाने नोटीस येणं हीच आता अपेक्षित गोष्ट आहे.

खोट्याची खूण मागणीत दिसते. खरी नोटीस कागद मागते. खोटी नोटीस ओटीपी मागते, लिंक दाबायला लावते, व्हॉट्सअ‍ॅपवर एखादी फाइल पाठवून ती मोबाइलमध्ये टाकायला सांगते. खात्री करायला शाखेत फोन करायचा, तो मात्र पासबुकावर छापलेल्या नंबरवर. नोटिशीवरचा नंबर या कामाला वापरू नका, कारण नोटीसच खोटी असेल तर नंबरही तिचाच असणार. बँकेची वेबसाइट पाहायची असेल तर पत्ता .bank.in वर संपतो का ते बघा. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत या पत्त्यावर जायला सांगितलं होतं.

इथे एक मोह होतो. बाबांचा नेटबँकिंगचा पासवर्ड मुलाला माहीत असतो, आणि वाटतं की पत्र कशाला, आपणच लॉगिन करून उरकून टाकू. करू नका. पासवर्ड दुसऱ्याला देणं बँकेच्या अटींत बसत नाही, आणि पुढे खात्यात काही गैरव्यवहार झाला तर “ग्राहकाने स्वतःच माहिती दिली होती” हे बँकेच्या बाजूचं कारण होतं. अशा निष्काळजीपणामुळे झालेलं नुकसान, बँकेला कळवेपर्यंतचं, ग्राहकाने सोसायचं असतं.

नोटीस शेवटून वाचा

नोटीस वाचायला शेवटच्या पानापासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. पहिलं पान सगळ्या ग्राहकांसाठी असतं आणि ते घाबरवण्यासाठी लिहिल्यासारखं वाटतं. अपवाद, तारांकित टिपा, “लागू असल्यास” हे सगळं मागे असतं, आणि तुमच्या बाबांचं प्रकरण बहुधा तिथेच कुठेतरी लपलेलं असतं.

वाचताना पेन्सिलीने फक्त वाक्याचा शेवट अधोरेखित करा. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे हे सोपं जातं. “सादर करणे आवश्यक आहे”, “बंधनकारक आहे” अशी वाक्यं म्हणजे बाबांनी करायचं काम. “येऊ शकतील”, “अधिकार बँक राखून ठेवीत आहे” अशी वाक्यं म्हणजे कदाचित होईल असं काहीतरी. “कळविण्यात येते”, “नोंद घ्यावी” म्हणजे नुसती माहिती. चार पानांच्या नोटिशीत पहिल्या प्रकारची वाक्यं तीन-चारच निघतात. पत्र त्यांच्यावर उभं राहतं. दुसऱ्या प्रकारातलं एखाददुसरं वाक्य पत्रात येतं, तिसऱ्यातलं जवळपास काहीच येत नाही.

आता आपली नोटीस. तारीख १२ जानेवारी २०२६. खातं बाबा आणि आई यांचं संयुक्त बचत खातं. बाबा ७२ वर्षांचे. पहिल्या पानावर एक छोटा तक्ता आहे:

ग्राहकाचे नाव, खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक (४४१७), नोंदीतील ओळखपत्र: पासपोर्ट, वैधता दि. १४.०८.२०२४ पर्यंत, केवायसी अद्ययावतीकरणाची नियत तारीख: ३१.०३.२०२६.

त्याखाली लिहिलं आहे: “आपल्या माहितीत कोणताही बदल नसल्यास सोबत जोडलेले स्वघोषणापत्र (पान ३) स्वाक्षरी करून कोणत्याही शाखेत सादर करावे.” दुसऱ्या पानावर मान्य कागदपत्रांची यादी आणि “सर्व खातेदारांनी स्वतंत्रपणे पूर्तता करणे आवश्यक आहे” असं एक वाक्य, यादीच्या खाली, चुकून राहिल्यासारखं. चौथ्या पानावर सेवाशुल्काची माहिती, वारस नोंदणीचं आवाहन, आणि सगळ्यांत खाली: “*नोंदीतील ओळखपत्राची वैधता संपुष्टात आली असल्यास स्वघोषणापत्र ग्राह्य धरले जाणार नाही, अशा ग्राहकांनी वैध कागदपत्रे सादर करणे बंधनकारक आहे.”

पहिलं पान वाचून बाबा म्हणतील, “आपलं कुठे काय बदललंय? घर तेच, नंबर तोच. सही करून टाकतो.” आणि त्यांचं तसं म्हणणं चूक नाही, पहिल्या पानाने त्यांना तेच सांगितलं आहे. बदल नसेल तर नुसतं स्वघोषणापत्र पुरतं हा नियमही खरा आहे. पण बँकेकडचं ओळखपत्र हा त्यांचा जुना पासपोर्ट आहे आणि त्याची मुदत ऑगस्ट २०२४ मध्येच संपली. म्हणून त्यांना तळटीप लागू होते आणि पहिल्या पानावरची सोपी वाट बंद होते. तक्त्यातली वैधतेची तारीख आणि चौथ्या पानावरची तळटीप या दोन गोष्टी शेजारी ठेवल्याशिवाय हे दिसत नाही. नोटिशीचा सारांश लिहिण्यातलं खरं काम हेच आहे. चार पानांचं एक पान करणं सोपं. चार पानांपैकी बाबांना लागू काय, हे शोधणं हे कष्टाचं.

आईचं वेगळं. बँकेच्या लेखी केवायसी खात्याची नसून व्यक्तीची असते. संयुक्त खात्यात दोघांचा ग्राहक क्रमांक वेगळा, दोघांची मुदतही वेगळी असू शकते. या नोटिशीत आईचा तक्ता नाही, म्हणून आईची मुदत कधी आहे हे नोटिशीवरून सांगता येत नाही. ते शाखेत विचारावं लागेल.

घाबरवणाऱ्या वाक्याचं काय करायचं

दुसऱ्या पानावर हे वाक्य आहे: “नियत तारखेपर्यंत पूर्तता न झाल्यास, लागू नियमांच्या अधीन राहून, स्वयंचलित नावे आदेशांसह आपल्या खात्यातील व्यवहारांवर अंशतः अथवा पूर्णतः निर्बंध घालण्यात येऊ शकतील.”

याचे तुकडे करू. “येऊ शकतील” म्हणजे होईलच असं नाही. “अंशतः अथवा पूर्णतः” म्हणजे काय थांबेल हे बँकेने ठरवून सांगितलेलं नाही. “स्वयंचलित नावे आदेश” म्हणजे दर महिन्याला आपोआप कापलं जाणारं वीजबिल, विम्याचा हप्ता. आणि वाक्यात नसलेली गोष्ट: खातं बंद होईल किंवा पैसे जातील असं कुठेही म्हटलेलं नाही. बाबांच्या मनात मात्र पहिल्यांदा तेच येणार, म्हणून पत्रात ते एका वाक्यात निकालात काढायला हवं.

आता मुलाला माहीत असावी अशी एक गोष्ट. बँक ग्राहकांचे जोखमीनुसार वर्ग पाडते. त्यातल्या कमी जोखमीच्या वर्गातल्या व्यक्तिगत ग्राहकांना बँकेने मुदत उलटल्यावरही एक वर्ष किंवा ३० जून २०२६, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत सगळे व्यवहार करू द्यायचे आहेत, असं रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सांगितलं. आपल्या नोटिशीत नियत तारीख ३१ मार्च २०२६ आहे, तिथून एक वर्ष म्हणजे ३१ मार्च २०२७. ती नंतरची, म्हणून तीच धरायची. छान वाटतं ना? पण बाबा कुठल्या वर्गात आहेत हे बँक ग्राहकाला सांगत नाही. ती गोष्ट गोपनीय ठेवण्याचा नियमच आहे. तेव्हा या सवलतीवर विसंबून पत्रात “अजून वर्ष आहे, सावकाश जा” असं लिहिणं धोक्याचं. ती सवलत मुलाने स्वतःजवळ ठेवावी आणि एप्रिलमध्ये खरंच एखादा हप्ता अडला तर बँकेशी बोलताना काढावी. पत्रात एकच तारीख हवी, आणि तीही नोटिशीतल्या तारखेच्या बरीच आधीची. मार्चअखेर हा शाखेत जाण्याचा सगळ्यांत वाईट काळ. वर्षअखेरीच्या धांदलीत कुणी धड बोलतही नाही.

नोटीस जे सांगत नाही ते

चांगल्या पत्रात हा भाग असतो आणि घाईत लिहिलेल्या पत्रात हाच गळतो. वाचताना तुम्हाला पडलेले आणि नोटिशीत उत्तर नसलेले प्रश्न वेगळ्या कागदावर लिहा. आपल्या नोटिशीतून तीन निघतात: आईची मुदत कधी, निर्बंध आलेच तर पेन्शन जमा होत राहील का, आणि कागद घेऊन जायला घरी कुणी येईल का. शेवटच्या प्रश्नाला आधार आहे. सत्तरीपुढच्या ग्राहकांची केवायसीची कागदपत्रं आणि हयातीचा दाखला घरून घेण्याची सोय करावी असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना कळवलं आहे. प्रत्यक्षात कुठली शाखा ती कशी देते हे विचारूनच कळतं.

या प्रश्नांची उत्तरं अंदाजाने पत्रात लिहू नका. “पेन्शन थांबणार नाही, काळजी करू नका” हे वाक्य लिहायला फार सोपं आहे, आणि बाबा ते नोटिशीतलंच समजतील. नोटिशीत काय आहे आणि तुमचं मत काय, हे पत्रात वेगळं दिसलं पाहिजे. “नोटिशीत असं लिहिलं आहे” आणि “मला असं वाटतं” हे दोन शब्दप्रयोग सरमिसळ न करता वापरले तरी पुरतं.

लिहायला बसल्यावर

पहिल्या दोन ओळींत काय करायचं आणि कधीपर्यंत, हे यावं. खुशाली नंतर विचारा. नाहीतर बाबा खुशाली वाचतील आणि चष्मा काढून ठेवतील. तारीख वारासकट आणि महिन्याचं नाव लिहून द्या. १३.०२ असं लिहिलं तर ती तारीख आहे की रक्कम, इथपासून सुरुवात होते. खात्याचे शेवटचे चारच अंक लिहा, कारण हे पत्र शेजारचा मुलगा प्रिंट काढून देणार आहे आणि ते काउंटरवर पडून राहण्याचीही शक्यता आहे.

बँकेचा शब्द कुठे ठेवायचा आणि कुठे सोडायचा, याला एक साधी कसोटी आहे: काउंटरवर तो शब्द उच्चारावा लागणार आहे का? “केवायसी”, “स्वघोषणापत्र” ठेवावे, कारण तिथे तेच विचारतील. “नियतकालिक अद्ययावतीकरण”, “लागू नियमांच्या अधीन राहून” टाकून द्यावे. कागदपत्रांच्या यादीतही तेच. नोटिशीत पासपोर्ट, वाहन परवाना, आधार, मतदार ओळखपत्र, रोजगार हमीचं जॉब कार्ड, राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचं पत्र अशी सहा नावं आहेत. बाबांकडे आधार आहे आणि त्यावर आत्ताचाच पत्ता आहे, हे तुम्हाला ठाऊक असेल तर फक्त आधार लिहा. सहा पर्याय दिले की माणूस सहाही गोळा करतो.

आणि एक सांभाळायचं. आयुष्यभर बँकेचे व्यवहार ज्यांनी स्वतः केले त्यांना “तुम्हाला समजणार नाही म्हणून सोपं करून लिहितो” असा सूर लागता कामा नये. काय वगळलं हे सांगितलं की तो सूर आपोआप टळतो; मूळ नोटीस त्यांच्यापाशीच आहे, पडताळून पाहायची तर ते पाहू शकतात.

या सगळ्यातून उतरलेलं पत्र असं:

> २५ जानेवारी २०२६
>
> ती. बाबांना,
> सा. न.
>
> बँकेची १२ जानेवारीची नोटीस पूर्ण वाचली. तुम्ही एकच काम करायचं आहे: तुमचं मूळ आधार कार्ड, त्याची एक झेरॉक्स, पॅन कार्ड आणि एक फोटो घेऊन शुक्रवार, १३ फेब्रुवारीपर्यंत शाखेत जाऊन केवायसी नवीन करून घ्यायची. बँकेने दिलेली शेवटची तारीख ३१ मार्च आहे, पण मार्चमध्ये गर्दी असते म्हणून मी आधीची लिहिली आहे.
>
> पान ३ वरचा अर्ज (स्वघोषणापत्र) भरू नका. पहिल्या पानावर तो भरायला सांगितलं आहे, पण पान ४ वर अगदी खाली असं लिहिलं आहे की बँकेकडच्या ओळखपत्राची मुदत संपली असेल तर तो अर्ज चालत नाही. बँकेकडे तुमचा जुना पासपोर्ट आहे आणि त्याची मुदत १४ ऑगस्ट २०२४ ला संपली. पहिल्या पानावरच्या चौकोनात ती तारीख आहे. तळटिपेखाली मी फोटोत लाल खूण केली आहे. काउंटरवर कुणी “नुसती सही करा” म्हणालं तर ती ओळ दाखवा.
>
> झेरॉक्सवर तिथेच, त्यांच्यासमोर सही करा. कागद दिल्यावर तारीख घातलेली पोच मागून घ्या. पोच देणं त्यांना बंधनकारक आहे.
>
> उशीर झाला तर काय: नोटिशीत असं लिहिलं आहे की काही व्यवहार थांबवले जाऊ शकतात, त्यात वीजबिल आणि विम्याचा हप्ता आपोआप कापला जाणंही आलं. खातं बंद होईल किंवा पैसे जातील असं कुठेही लिहिलेलं नाही.
>
> शाखेत या तीन गोष्टी विचारून याच कागदावर लिहून आणा:
> आईची केवायसी कधीपर्यंतची आहे? ……………
> व्यवहार थांबले तर पेन्शन जमा होते का? ……………
> पुढच्या वेळी कागद न्यायला घरी कुणी येतं का? ……………
>
> आईचं आधारही सोबत न्या. तिचीही मुदत जवळ आली असेल आणि आई तुमच्यासोबत आली असेल तर एका फेरीत होईल.
>
> पान ४ वरची सेवाशुल्काची माहिती मी यात घेतलेली नाही. तिच्यात तुम्ही काही करायचं नाही. वारस नोंदणीबद्दलही लिहिलेलं नाही, ती आपली आधीच झालेली आहे असं मला वाटतं. पासबुकाच्या पहिल्या पानावर नॉमिनीची नोंद आहे का ते एकदा बघा.
>
> फोनवर कुणी ओटीपी मागितला किंवा लिंक पाठवली तर ती बँक नव्हे. या कामाला ओटीपी लागलाच तर तुम्ही स्वतः काउंटरवर उभे असताना लागेल.
>
> खात्याचे शेवटचे अंक: ४४१७.
>
> तुमचा गुडघा कसा आहे? रिक्षाने जा. शनिवारी जाऊ नका, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते आणि नेमका तो कुठला हे दर वेळी मोजत बसावं लागतं.
>
> आईला नमस्कार.
>
> आपला,
> …

या पत्रातल्या दोन-तीन गोष्टी मुद्दाम केलेल्या आहेत. “करू नका” हे “करा”च्या लगेच खाली आहे, कारण नोटिशीतली सगळ्यांत मोठी दिशाभूल तिथे होते. वाद होऊ शकेल अशा विधानांपाशी पानाचा आकडा आहे. काउंटरवर वाद झाला तर “मुलाने लिहिलंय” यापेक्षा “तुमच्याच पान ४ वर आहे” हे वजनदार ठरतं. प्रश्नांपुढे रिकाम्या जागा आहेत, म्हणजे पत्र परत येताना माहिती घेऊन येतं. फोटोचं मात्र नोटिशीत नव्हतं. नव्याने केवायसी करताना तो बहुतेक शाखा मागतात, आणि फोटोसाठी दुसरी फेरी होण्यापेक्षा खिशात एक असलेला बरा.

पत्र टपालाने पाठवण्यात अर्थ नाही, मुदत वाटेतच संपेल. पीडीएफ करून पाठवा आणि मोठ्या टाइपात, एका पानावर, एका बाजूलाच छापून घ्यायला सांगा. दोन पानं होत असतील तर खुशाली कापा, पानांचे आकडे कापू नका. छापून हातात आलं की फोन करा आणि “समजलं का?” असं विचारू नका, त्याला उत्तर “हो” असंच येतं. “काय काय घेऊन जाणार?” असं विचारा. बाबांनी आधार, झेरॉक्स, पॅन, फोटो असं म्हटलं तर पत्र जमलं. “तो अर्ज भरून ठेवलाय” असं म्हटलं तर तो परिच्छेद त्यांच्यापर्यंत पोचलेला नाही.

शाखेत गेल्यावर काय बिनसतं

आधारवर बोटांचे ठसे घेऊन पडताळणी करायची असेल तर वयस्कर माणसांचे ठसे बऱ्याचदा उमटत नाहीत. दोनचार वेळा अंगठा दाबून झालं की बाबांना वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. मूळ कार्ड दाखवून झेरॉक्स देता येते, ठशांवाचून अडायचं कारण नाही, हे आधीच सांगून ठेवा.

“तुमचं खातं या शाखेचं नाही, तिकडे जा” असंही ऐकायला मिळतं. केवायसी अद्ययावत करण्याचं काम बँकेच्या कुठल्याही शाखेत करता येतं, आणि आपल्या नोटिशीच्या पहिल्या पानावर “कोणत्याही शाखेत” असं छापलेलंच आहे. त्याच्याखालीही पेन्सिलीने रेघ मारून ठेवा.

कागद घेतले, पण पोच दिली नाही, हा सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार. “सिस्टीममध्ये टाकतो, काळजी करू नका” असं म्हणतात, आणि म्हणणारा माणूस बहुधा प्रामाणिकच असतो. पण त्या दिवशीच्या गठ्ठ्यातला एक कागद मागे राहिला तर सिद्ध करायला हातात काही नाही. झेरॉक्सची आणखी एक प्रत न्यावी आणि तिच्यावर शिक्का, तारीख व सही घ्यावी, म्हणजे पोचीचं वेगळं छापील पान नसलं तरी काम भागतं. नोंद झाल्यावर ती कुठल्या तारखेला झाली हेही बँकेने ग्राहकाला कळवायचं असतं. तो एसएमएस पंधरवड्यात आला नाही तर बाबांना पुन्हा फोन करायला सांगा, पासबुकावरच्या नंबरवर.

पोच असूनही एप्रिलमध्ये व्यवहार अडले तर आधी शाखेत लेखी तक्रार द्यायची आणि तिची तारीख जपून ठेवायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते. ती भरताना लागतात त्या सगळ्या गोष्टी, म्हणजे नोटिशीची चारही पानं, पोच, आणि बाबांनी भरून परत पाठवलेलं ते पत्र, एका फोल्डरमध्ये असतील. तक्रार बाबांच्या नावाने जाते. मुलाने मसुदा लिहावा, पाठवण्याआधी त्यांना वाचून दाखवावा.